पशुखाद्याच्या गुदामातील राखीव साठा : तो किती ठेवावा व मागणी केव्हा नोंदवावी

पालघर तालुक्यात, विशेषतः बोईसर व तारापूरच्या आसपासच्या गावांत, दुधाला बारमाही गिऱ्हाईक आहे. औद्योगिक वसाहतीतील कामगार, रेल्वे स्थानकाभोवतीची हॉटेले व वाढती वस्ती ह्यांमुळे सकाळचे दूध गावातच उरत नाही. परंतु हे दूध ज्या खाद्यावर निघते ते खाद्य मात्र गावात तयार होत नाही. गवत व भाताचा पेंढा शेतकऱ्याच्या घरचा असला, तरी सरकी, पेंड, चुणी व खनिजे मिसळून केलेले पशुखाद्य बाहेरून मोटारीने येते. ती मोटार मुंबई–अहमदाबाद महामार्गावरून मनोरच्या किंवा चिल्हार फाट्याच्या वाटेने आत येते, आणि मागणी नोंदविल्यानंतर ती येण्यास काही दिवस लागतात.

ह्या काही दिवसांतच अडचण उद्भवते. गुदामातील शेवटचे पोते संपले व मोटार अजून आली नाही, म्हणजे शेतकरी मिळेल तेथून मिळेल ते खाद्य आणतो, अथवा आंबोण निम्म्यावर आणतो. दुभत्या गाईस शरीरपोषणासाठी दीड किलो व शिवाय प्रत्येक लिटर दुधामागे सुमारे ४०० ग्रॅम, आणि म्हशीस दोन किलो व लिटरमागे सुमारे ५०० ग्रॅम खाद्य द्यावे, असे साधारण प्रमाण आहे. ते एकाएकी तोडले किंवा बदलले तर जनावराचे पचन बिघडते व दूध उतरते. उतरलेले दूध खाद्य पुन्हा सुरू झाल्यावर लगेच पूर्वीच्या मापावर येत नाही. त्या वेतात ते कित्येकदा पुरते भरून निघत नाही.

उलटपक्षी, भीतीपोटी गुदाम गच्च भरून ठेवावे तर संस्थेचा पैसा अडकतो, आणि कोकणच्या दमट हवेत तळाच्या पोत्यांना बुरशी लागते. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष जनावराच्या दुधातही उतरते. म्हणून साठा कमी पडू नये व वाजवीपेक्षा अधिकही होऊ नये, असा आकडा काढावा लागतो. तो अंदाजाने न ठरविता गुदामाच्या नोंदवहीवरून कसा काढावा, हे ह्या लेखात एका उदाहरणाने दाखविले आहे. उदाहरणातील आकडे समजुतीसाठी घेतले आहेत; प्रत्येक गुदामाने आपल्या वहीतील आकडे घालून हीच रीत वापरावी.

दोन आकडे, दोन प्रश्न

साठ्याच्या बाबतीत दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. एका वेळी किती माल मागवावा, हा पहिला प्रश्न. आणि तो केव्हा मागवावा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुधा मोटारीच्या मापावरून ठरते. अर्धी मोटार मागविली तरी भाडे पुरे द्यावे लागते, म्हणून संस्था एक भरलेली मोटार मागविते. आपल्या उदाहरणात एका खेपेस ५० किलोंची १०० पोती येतात असे समजू.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिवसांत देण्याची चाल आहे. 'दर सोमवारी मागणी करावी' किंवा 'महिन्याच्या १ तारखेस मागवावे' असे ठरविले जाते. परंतु खप दर आठवड्यास सारखा नसतो, त्यामुळे अशा ठराविक वाराने काही वेळा गुदाम भरलेले असताना मोटार येते, तर काही वेळा ते रिकामे पडल्यावर येते. त्याऐवजी साठा एका ठरलेल्या संख्येवर उतरला की त्याच दिवशी मागणी नोंदवावी, हे अधिक सोयीचे. ह्या संख्येस 'पुनर्मागणी पातळी' म्हणतात. मागणी नोंदविल्यापासून माल गुदामात उतरेपर्यंत जे दिवस जातात त्यांस 'पुरवठा-काल' म्हणावे. पुनर्मागणी पातळीचे काम एवढेच, की पुरवठा-कालात होणारा खप तिने भागविला पाहिजे. त्यानंतर नवी मोटार हजर असते.

केवळ सरासरीवर भागत नाही

आपल्या गुदामाचा पुरवठा-काल ६ दिवसांचा आहे व रोजचा खप सरासरीने १० पोत्यांचा आहे असे समजू. सहा दिवसांत ६० पोती जातील, तेव्हा साठा ६० वर आला की मागणी नोंदवावी, असा हिशोब सहज सुचतो. तो किती फसवा आहे हे पाहण्यासाठी नोंदवहीतील लागोपाठच्या १२० दिवसांचे सहा-सहा दिवसांचे २० गट पाडावे व प्रत्येक गटातील विक्री मांडावी. समजा ती पुढीलप्रमाणे निघाली :

४८, ५५, ६२, ७०, ५८, ५१, ६६, ६०, ७४, ५७, ६३, ४५, ५९, ६८, ६१, ५४, ७९, ५६, ६४, ५०.

ह्या वीस आकड्यांची बेरीज १२०० व सरासरी बरोबर ६० आहे. परंतु ६० पोत्यांवर मागणी नोंदविली असती तर वीसांपैकी नऊ वेळा माल कमी पडला असता, कारण नऊ गटांत खप ६० हून अधिक झालेला आहे. ह्यात आश्चर्य नाही. सरासरी म्हणजे मधला आकडा. प्रत्यक्ष खप जवळजवळ निम्म्या वेळा तिच्या वर व निम्म्या वेळा खाली जाणारच. सरासरीएवढा साठा ठेवणारे गुदाम दर दोन खेपांमागे सुमारे एकदा रिकामे पडते. वर्षात ३६ खेपा येत असल्या तर सुमारे अठरा वेळा शेतकरी हात हलवीत परत जाईल.

म्हणून सरासरी खपावर आणखी काही पोती ठेवावी लागतात. ही वरची पोती म्हणजे 'राखीव साठा'. हिशोब असा मांडावा :

पुनर्मागणी पातळी = पुरवठा-कालातील सरासरी खप + राखीव साठा.

सेवा-पातळी म्हणजे काय

आता राखीव साठा किती ठेवावा ? ह्याचे उत्तर आपण किती वेळा तूट सहन करण्यास तयार आहोत, ह्यावर अवलंबून आहे. शंभर खेपांपैकी जितक्या खेपांत नवी मोटार येईपर्यंत माल पुरावा अशी आपली इच्छा असेल, त्या आकड्यास 'सेवा-पातळी' म्हणतात. सेवा-पातळी शेकडा ९० म्हणजे शंभर खेपांत दहा वेळा मोटार येण्यापूर्वी गुदाम रिकामे पडेल. शेकडा ९५ म्हणजे पाच वेळा.

वरच्या वीस आकड्यांवरून हे नुसते मोजूनही दिसते. पुनर्मागणी पातळी ७० ठेवली तर वीसांपैकी अठरा वेळा माल पुरला असता. दोन वेळाच, म्हणजे ७४ व ७९ च्या गटांत, तूट आली असती. ही झाली शेकडा ९० ची सेवा-पातळी. ७४ वर ठेवली तर एकदाच तूट, म्हणजे शेकडा ९५. ज्या ग्रामसेवकास वा चिटणीसास पुढील गणित नको असेल त्याने आपले आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडून असेच मोजावे. व्यवहारास तेवढे पुष्कळ उपयोगी पडते.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. शेकडा ९० ची सेवा-पातळी म्हणजे शंभर पोत्यांपैकी दहा पोती मिळाली नाहीत, असे नव्हे. ७० च्या पातळीवर वीस खेपांत मिळून फक्त तेरा पोती कमी पडली असती, आणि तेवढ्या काळात सुमारे दोन हजार पोती विकली गेली असती. तूट येणे ही एक गोष्ट व ती किती पोत्यांची असते ही दुसरी. सेवा-पातळी पहिलीचे माप आहे.

गणिताची रीत

वीस नोंदींत शेकडा ९५ च्या पलीकडे मोजून पाहता येत नाही, कारण शंभरात एकदा येणारा मोठा खप वीस नोंदींत बहुधा सापडणारच नाही. त्यासाठी खपातील चढउताराचे माप घ्यावे लागते. संख्याशास्त्रात त्यास 'प्रमाण विचलन' म्हणतात. ते काढण्याची कृती अशी :

(१) प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करावी. ४८ साठी उणे १२, ७० साठी १०, ७९ साठी १९, याप्रमाणे.

(२) प्रत्येक फरकाचा वर्ग करावा. १४४, १००, ३६१, याप्रमाणे.

(३) सर्व वर्गांची बेरीज करावी. ती येथे १४२८ येते.

(४) नोंदींच्या संख्येतून एक वजा करून त्याने बेरजेस भागावे. १४२८ भागिले १९ म्हणजे सुमारे ७५.२.

(५) त्याचे वर्गमूळ घ्यावे. ते सुमारे ८.७ पोती येते.

म्हणजे सहा दिवसांचा खप साधारणपणे ६० च्या आगेमागे ८ ते ९ पोत्यांनी हलतो. लहान-मोठी अनेक गिऱ्हाइके आपापल्या सोयीने माल नेत असली, म्हणजे असा खप सरासरीच्या दोन्ही बाजूंस जवळजवळ सारखा पसरतो, आणि सरासरीपासून दूरचे आकडे झपाट्याने विरळ होत जातात. अशा पसरणीत प्रत्येक सेवा-पातळीसाठी एक गुणक ठरलेला आहे. प्रमाण विचलनास त्या गुणकाने गुणले की राखीव साठा मिळतो. अपूर्णांक आल्यास वरचे पुरे पोते धरावे.

शेकडा ९० साठी गुणक १.२८ : राखीव साठा १२, पुनर्मागणी पातळी ७२.
शेकडा ९५ साठी गुणक १.६५ : राखीव साठा १५, पुनर्मागणी पातळी ७५.
शेकडा ९९ साठी गुणक २.३३ : राखीव साठा २१, पुनर्मागणी पातळी ८१.
शेकडा ९९.९ साठी गुणक ३.०९ : राखीव साठा २७, पुनर्मागणी पातळी ८७.

मोजून काढलेले ७० व ७४ हे आकडे गणिताच्या ७२ व ७५ शी बरेच जुळतात, ह्यावरून ही रीत ह्या गुदामास लागू पडते अशी खात्री वाटते. ते जुळले नसते तर मोजणीवरच अधिक विश्वास ठेवणे योग्य ठरले असते. कोणत्याही उपायाने शेकडा १०० ची सेवा-पातळी मिळत नाही, हेही ह्या यादीवरून ध्यानात यावे. गुणक वाढतच जातो, शंभरी मात्र गाठली जात नाही.

कोणती सेवा-पातळी निवडावी

सेवा-पातळी ही गणितातून निघत नाही. ती संस्थेने निवडावयाची असते. निवड करताना राखीव पोत्याचा खर्च व तुटीचे नुकसान ही दोन्ही समोरासमोर मांडावी.

एका पोत्याची किंमत १,५०० रुपये व कर्जाचा दर शेकडा १२ धरला, तर एक पोते वर्षभर राखून ठेवण्याचे व्याज १८० रुपये होते. गळती व सांडलवंड २० रुपये धरून एका राखीव पोत्याचा वार्षिक खर्च २०० रुपये झाला. आता एका तुटीचे नुकसान पाहू. तूट येते तेव्हा ती सरासरीने चार-पाच पोत्यांची असते. शेतकरी तेवढी पोती बोईसर किंवा पालघरच्या बाजारातून चढ्या भावाने आणतो, रिक्षाचे भाडे देतो, आणि खाद्य बदलल्याने थोडेसे दूध गमावतो. पोत्यामागे हे सारे ३०० रुपये धरले, तर पाच पोत्यांच्या तुटीचे नुकसान १,५०० रुपये होते.

वर्षभर हाच खप राहून ३६ खेपा येतात असे धरले, तर शेकडा ९० च्या पातळीवर वर्षास ३.६ वेळा, ९५ वर १.८ वेळा, ९९ वर ०.३६ वेळा, म्हणजे सुमारे तीन वर्षांत एकदा, तूट येईल.

९० वरून ९५ वर जाण्यास तीन पोती जास्त लागतात. त्यांचा खर्च ६०० रुपये, आणि टळलेल्या तुटी १.८. म्हणजे एक तूट टाळण्यास सुमारे ३३० रुपये पडले. १,५०० रुपयांचे नुकसान ३३० रुपयांत टळत असेल तर ते अवश्य टाळावे. ९५ वरून ९९ वर जाण्यास सहा पोती, खर्च १,२०० रुपये, टळलेल्या तुटी १.४४. एक तूट टाळण्यास सुमारे ८३० रुपये. हेही अद्याप फायद्याचेच आहे. परंतु ९९ वरून ९९.९ वर जाण्यास पुन्हा सहाच पोती लागत असली, तरी टळणाऱ्या तुटी वर्षास ०.३२ एवढ्याच आहेत. म्हणजे एक तूट टाळण्यास सुमारे ३,७०० रुपये. येथे खर्च नुकसानीहून अधिक झाला. म्हणून ह्या गुदामाने शेकडा ९९ वर थांबावे, २१ पोती राखीव धरावी, व साठा ८१ वर आला की मागणी नोंदवावी. शिवाय वीस नोंदींच्या आधारावर हजारात एकदा येणाऱ्या तुटीविषयी बोलणे हे मुळातच धाडसाचे आहे.

माल बदलला की हे उत्तरही बदलते. ज्या वस्तूची तूट दोन दिवस सहज निभावते, जसे रिकामे गोणपाट, तिला शेकडा ९० ही पातळीही पुष्कळ झाली. उलट तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या रसायनाच्या कारखान्यात एका कच्च्या मालावाचून सारी भट्टी थंड पडत असेल, तर तेथील भांडारास ह्याच हिशोबाने कितीतरी वरची पातळी निवडावी लागेल. रीत एकच, तुटीचे नुकसान मात्र वेगळे.

मोटार उशिरा आली तर

आतापर्यंत पुरवठा-काल नेहमी सहाच दिवसांचा धरला. पावसाळ्यात तसे घडत नाही. महामार्गावर कोंडी होते, ओढ्यांना पाणी येते, आणि मोटार कधी पाचव्या तर कधी आठव्या दिवशी येते. अशा वेळी केवळ खपाचेच नव्हे, तर दिवसांचेही चढउतार हिशोबात येतात.

ह्याचा परिणाम केवढा असतो हे पाहण्यासारखे आहे. सहा दिवसांच्या खपाच्या विचलनाचा वर्ग सुमारे ७५ आहे. पुरवठा-कालाचे प्रमाण विचलन दीड दिवसाचे धरले, तर दिवसास १० पोत्यांप्रमाणे त्यापायी १५ पोत्यांचे विचलन होते व त्याचा वर्ग २२५. दोन्हींची बेरीज ३००, व तिचे वर्गमूळ सुमारे १७.३. चढउताराचे माप ८.७ वरून १७.३ वर, म्हणजे दुप्पट झाले. शेकडा ९९ च्या पातळीसाठी राखीव साठा २१ ऐवजी ४१ पोती ठेवावा लागेल व पुनर्मागणी पातळी १०१ होईल. मोटारीच्या दीड दिवसाच्या अनिश्चितीने वीस पोत्यांचा भार संस्थेवर पडला. म्हणून पुरवठादाराशी मोटारीचा दिवस पक्का ठरविणे हे गुदाम वाढविण्याहून स्वस्त पडते.

ज्यास हे गणित नको त्याने सोपा मार्ग घ्यावा. प्रत्येक मागणीच्या वेळी 'मागणी नोंदविली ती तारीख', 'माल आला ती तारीख' व 'मधल्या दिवसांतील एकूण खप' ह्या तीन गोष्टी लिहाव्या. ह्या एकूण खपाचे प्रमाण विचलन काढले, तर उशिराचा परिणाम त्यात आपोआप येतो. पावसाळ्याच्या नोंदी मात्र वेगळ्या ठेवाव्या. पावसाळ्यात हिरवे गवत मुबलक असल्याने खाद्याचा खपही वेगळा असतो. दोन हंगामांचे आकडे एकत्र मिसळल्यास सरासरी कोणत्याच हंगामाची राहत नाही. गुदामाच्या फळ्यावर पावसाळ्याची पातळी एक व उरलेल्या वर्षाची दुसरी, अशा दोन संख्या लिहिणे इष्ट.

चुका कोठे होतात

पहिली चूक नोंदवहीतच असते. गुदाम रिकामे असते त्या दिवशी विक्री शून्य लिहिली जाते, व पुढे तोच शून्य खप म्हणून हिशोबात धरला जातो. वस्तुतः त्या दिवशी मागणी होती, माल नव्हता. असे आकडे घेतल्यास सरासरी कमी निघते, पातळी खाली ठरते, आणि तूट आणखी वाढते. म्हणून रिकाम्या हाताने परत गेलेल्या शेतकऱ्याने किती पोती मागितली होती, ते वेगळ्या रकान्यात लिहिले पाहिजे.

दुसरी चूक राखीव साठ्याच्या नावामुळे होते. राखीव २१ पोती भिंतीशी वेगळी थप्पी करून ठेवतात व तिला कोणी हात लावीत नाही. सहा महिन्यांनी ती उघडावी तो आत बुरशी. राखीव साठा ही वेगळी पोती नव्हेत. ती केवळ संख्या आहे. जुने पोते आधी व नवे नंतर, हा क्रम सर्व साठ्यास लागू करावा. ह्या उदाहरणात गुदामात सरासरीने ७१ पोती असतात, म्हणजे प्रत्येक पोते सुमारे सात दिवसांतच बाहेर पडते. क्रम पाळल्यास बुरशीस अवसर मिळत नाही. पोती लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून हातभर दूर रचावी. एखाद्या वेळी खप कमी होऊन मोटार आली, तर ८१ मधून ४५ वजा जाता ३६ व नवी १००, अशी १३६ पोती एकत्र येऊ शकतात. गुदामात तेवढी जागा आहे की नाही, हे पातळी ठरविण्यापूर्वीच पाहावे.

तिसरी चूक मोजण्यात होते. मागणी नोंदविली आहे, मोटार वाटेत आहे, आणि नवा माणूस साठा ८१ च्या खाली पाहून पुन्हा मागणी नोंदवितो. पातळीशी ताडून पाहावयाचा आकडा म्हणजे गुदामातील साठा अधिक वाटेवरील माल. फळ्यावर दोन्ही संख्या लिहिल्या म्हणजे घोटाळा होत नाही.

ही रीत कोठे चालत नाही

खरिपात भातास वरखत म्हणून द्यावयाच्या युरियास ही रीत जशीच्या तशी लावू नये. पशुखाद्य नेणारे शेतकरी एकमेकांवर अवलंबून नसतात; एकाने आज नेले म्हणून दुसरा आजच येतो असे नाही. युरियाचे तसे नाही. मुसळधार पाऊस असता कोणी खत टाकीत नाही, आणि पाऊस उघडून खाचरातील पाणी आवरता आले की साऱ्या गावास एकाच दोन दिवसांत खत हवे असते. अशा खपात चढ व उतार परस्परांस छेदून जात नाहीत, उलट एकमेकांस वाढवितात. रोजच्या विक्रीच्या विचलनावरून काढलेला राखीव साठा तेथे फार तोकडा ठरतो. शिवाय अनुदानित युरियाचा पुरवठा वाटपाप्रमाणे होतो, गुदामाच्या मागणीबरहुकूम होत नाही. तेथे भाताचे क्षेत्र व खताची मात्रा ह्यांवरून हंगामापूर्वीच साठा करणे, हाच मार्ग होय. एकदोनच मोठे तबेले निम्मा माल नेत असतील, तर पशुखाद्यासही हीच सावधगिरी लागू आहे. अशा गिऱ्हाइकाकडून आठवडाभर आधी मागणी लिहून घ्यावी व तेवढी पोती चढउताराच्या हिशोबातून वेगळी काढावी.

पातळी बरोबर आहे हे कसे ओळखावे

पातळी एकदा ठरवून विसरता येत नाही. ती बरोबर आहे की नाही हे कळण्यास एक साधी खूण आहे. प्रत्येक वेळी मोटार उभी राहिली की माल उतरविण्यापूर्वी गुदामात किती पोती उरली आहेत ती मोजून लिहावी. पुरवठा-कालात सरासरीने ६० पोती जातात व पातळी ८१ आहे, म्हणजे उरलेल्या पोत्यांची सरासरी २१ च्या जवळपास आली पाहिजे. दहाबारा खेपांची सरासरी ३५ येऊ लागली तर खप घटला आहे अथवा मोटार लवकर येऊ लागली आहे, आणि संस्थेचा पैसा विनाकारण अडकला आहे. ती ८ वर उतरली तर, अद्याप एकही तूट आली नसली तरी, ती येण्याच्या मार्गावर आहे असे समजावे. तसेच शेकडा ९९ च्या पातळीवर वर्षात एखादी तूट आली तर ती योगायोगाची असू शकते. परंतु एका वर्षात दोन आल्या तर तो योगायोग मानू नये. असा योग वीस वर्षांत एखादे वेळीच येतो. अशा वेळी नव्या वीस नोंदी घेऊन सरासरी व विचलन पुन्हा काढावे.

गुदामाच्या दारावर एक फळा, त्यावर आजचा साठा, वाटेवरील माल व पुनर्मागणी पातळी ह्या तीन संख्या, आणि नोंदवहीत न मिळालेल्या पोत्यांचा व मोटार येतेवेळी उरलेल्या पोत्यांचा असे दोन जादा रकाने, एवढी सामग्री ह्या कामास पुरते. फळा रोज सायंकाळी गुदाम बंद करताना भरावा. साठा पातळीवर उतरलेला दिसला की मागणी त्याच सायंकाळी नोंदवावी. ती दुसऱ्या दिवसावर ढकलल्यास राखीव साठ्यातील दहा पोती, म्हणजे जवळजवळ निम्मा राखीव साठा, एका दिवसात खर्ची पडतो.